बाटलीच्या पोटात १५ मिनिटं: ऑटोक्लेव्हची तपासणी प्रोब लावून कशी करावी

दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे ऑटोक्लेव्हच्या पडद्यावर १२१ अंश दिसतात ते बहुधा चेंबरच्या तळाशी, निचऱ्याच्या नळीजवळ बसवलेल्या सेन्सरचे. वाफ तिथे लवकर पोचते. एक लिटर द्रवाने भरलेली बाटली मात्र आतपर्यंत तापायला बराच वेळ घेते, आणि टायमर तिची वाट पाहत नाही. १२१ अंशांवर १५ मिनिटं हवी आहेत ती द्रवाला, म्हणून मोजायचंही द्रवातच.

आधी प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेले तापमानाचे सेन्सर, पारखून घ्या. प्रमाणित तापमापकाशेजारी ठेवून १२१ अंशांच्या आसपास प्रत्येक प्रोब अर्ध्या अंशाच्या आत जुळतो का ते पाहा. तपासणी संपल्यावर हेच पुन्हा करायचं. तेव्हा एखादा प्रोब सरकलेला निघाला, तर त्याचे आकडे धरू नयेत.

मग रोजचा सर्वांत अवघड लोड भरा. समजा, एक लिटरच्या १२ बाटल्या आहेत. झाकणं सैल ठेवा, तारा चेंबरच्या प्रोबसाठी असलेल्या छिद्रातून आत घ्या आणि ते वाफ गळणार नाही असं बंद करा. प्रोबचं टोक बाटलीच्या मध्यरेषेवर, पण तळाकडच्या भागात हवं, कारण गरम द्रव वर चढतो आणि खालचा भाग मागे राहतो. टोक काचेला टेकू देऊ नका. टेकलं तर द्रवाऐवजी काचेचं तापमान नोंदलं जातं. मधल्या आणि कोपऱ्यातल्या बाटल्यांत प्रोब घाला, एक यंत्राच्या सेन्सरशेजारी बांधा.

आता नेहमीची सायकल चालवा आणि दर काही सेकंदांनी नोंद घ्या. आपल्या उदाहरणात सेन्सरशेजारचा प्रोब २०व्या मिनिटाला १२१ वर पोचतो आणि टायमर सुरू होतो. ३५व्या मिनिटाला यंत्र होल्ड, म्हणजे १२१ वर धरून ठेवण्याचा टप्पा, संपवतं, तेव्हा सर्वांत मागे असलेली बाटली ११९.५ वर आहे. पडद्यावर सगळं ठीक दिसतं, पण त्या बाटलीला एक मिनिटही मिळालेलं नाही.

होल्ड टाइम १२० मिनिटांचा ठेवून सायकल पुन्हा चालवली, तर हीच बाटली ३८व्या मिनिटाला १२१ गाठते. म्हणजे उशीर १८ मिनिटांचा. शेवटचा प्रोब १२१ ला पोचतो तिथपासून पहिला प्रोब त्याखाली उतरतो तिथपर्यंतचा वेळ हाच खरा होल्ड. १८ अधिक १५ म्हणजे ३३. थोडी सूट धरून टायमर ३६ वर लावला, तर होल्ड ५६व्या मिनिटाला संपेल आणि मागच्या बाटलीला १८ मिनिटं मिळतील. यंत्रात लोड प्रोबची सोय असेल तर तो याच बाटलीत ठेवून त्यावरूनच टायमर सुरू करणं मला जास्त योग्य वाटतं.

दाब बरोबर असूनही सेन्सरशेजारचा प्रोब १२१ च्या बराच खाली अडकला, तर चेंबरमध्ये हवा राहिली आहे. अशा वेळी टायमर वाढवून भागत नाही, हवा बाहेर काढण्याचा टप्पाच दुरुस्त करावा लागतो.

द्रव ८० अंशांखाली आल्याशिवाय दार उघडू नका. दाब एकदम उतरला की बाटल्या उसळतात, फुटतातही. नवा टायमर लावून सलग तीन सायकली घ्या. बाटलीचा आकार, भरण्याची पातळी किंवा मांडणी बदलली, तर १८ मिनिटांचा आकडा रद्द समजून पुन्हा मोजा.