‘फॉर्म भरायचाय, काय टाकू?’ असा फोन येतो तेव्हा

12 ऑक्टोबर 2024, दसऱ्याचा दिवस. दुपारी फोन आला. "दादा, फॉर्म भरायचाय. परवा लास्ट डेट आहे. वय बसत नाही म्हणतंय. काय टाकू?" एवढंच. कुठला फॉर्म, कोणाची भरती, अडलंय कुठे, स्वतःची कॅटेगरी काय, यातलं काहीच नाही.

मी सांगोल्याजवळच्या एका अभ्यासिकेत बसतो आणि चार वर्षांपासून पोरांचे फॉर्म भरून देतो. तुम्ही नव्याने हे काम करायला बसणार असाल तर असे फोन रोज येतील. फोन करणाऱ्यावर चिडू नका, त्याच्या समोर पडदा उघडा असतो आणि त्याला वाटतं तो आपल्यालाही दिसतोय. मी अशा वेळी उत्तर न देता दोनच गोष्टी मागतो. एक, जाहिरातीची पीडीएफ. दोन, जातीच्या आणि नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्यांचा फोटो. "तुझी कॅटेगरी काय?" असं मी तोंडी विचारत नाही. का, ते पुढे येईल.

पीडीएफ आली. स्टाफ सिलेक्शन कमिशनची जीडी कॉन्स्टेबल भरती, म्हणजे बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ वगैरे दलांची. दाखल्यावर हिंदू-धनगर, एनटी-सी. जन्मतारीख 9 मार्च 2000. आता त्याची अडचण बघा. केंद्राच्या फॉर्ममध्ये एनटी-सी नावाचा पर्यायच नसतो. तिथे खुला, ईडब्ल्यूएस, ओबीसी, एससी आणि एसटी एवढेच. शाळेपासून पोलीस भरतीपर्यंत त्याने एनटी-सी लिहिलेलं. ते दिसेना म्हणून त्याने यूआर, म्हणजे खुला, निवडलं. या भरतीला वय 1 जानेवारी 2025 ला मोजायचं होतं. खुल्या गटासाठी जन्म 2 जानेवारी 2002 च्या आधीचा चालत नव्हता. हा 24 वर्षांचा, म्हणून फॉर्म अडला. त्याला वाटलं, वय संपलं.

संपलं नव्हतं. व्हीजे, एनटी, एसबीसी हे गट आपल्या राज्याने केलेले आहेत. केंद्राची यादी वेगळी. त्या यादीत महाराष्ट्रातले धनगर ओबीसी आहेत, वंजारीही आहेत. ओबीसीला वयात तीन वर्षं सवलत, म्हणजे 2 जानेवारी 1999 पर्यंतचा जन्म चालतो. त्याचं वय आरामात बसत होतं. म्हणून म्हणतो, कॅटेगरी तोंडी विचारू नका. माणूस खरंच सांगतो, पण त्याचं उत्तर राज्याच्या फॉर्मचं असतं आणि समोरचा फॉर्म केंद्राचा असतो. दाखल्यावरची जात वाचायची आणि ती केंद्राच्या यादीत महाराष्ट्राच्या पानावर शोधायची. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर (ncbc.nic.in) ही यादी आहे. अंदाजाने सगळ्यांना ओबीसी टाकायचं नाही. राज्याचा एसईबीसी दाखला असलेल्या मराठा उमेदवाराला केंद्रात ओबीसी टाकता येत नाही. त्याने उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटी बसतात का पाहून ईडब्ल्यूएसचा विचार करायचा. याच जीडीच्या जाहिरातीत उंचीच्या सवलतीत 'मराठा' असा शब्द येतो. तो वाचून काही जण गोंधळतात, पण त्याचा आरक्षणाशी संबंध नाही.

या मुलाचं नशीब असं की फॉर्मने त्याला अडवलं. माझ्या पहिल्या वर्षी एक मुलगी आली होती, तीही धनगर समाजाची, वय 20. यादीत एनटी दिसेना, तेव्हा "राहू दे, खुल्यातच टाकू" असं मीच म्हणालो. वय बसत होतं, त्यामुळे फॉर्म अडला नाही. महिलांना या भरतीत फी नाही, त्यामुळे फीच्या आकड्यावरूनही काही कळलं नाही. सगळं हिरवं, सबमिट. चूक लक्षात आली तोवर दुरुस्तीची मुदत गेली होती. निकाल लागला तेव्हा तिचे गुण ओबीसीच्या कटऑफच्या वर होते आणि खुल्याच्या खाली. ती मला काही बोलली नाही. मी मात्र तेव्हापासून जाहिरात उघडल्याशिवाय कोणाच्या फॉर्मला हात लावत नाही. अडलेल्या फॉर्मपेक्षा न अडता गेलेला फॉर्म जास्त तपासा.

आता दाखला. ओबीसी टाकणं सोपं आहे, कारण या फॉर्मला दाखला जोडावा लागत नाही. तो पाहिला जातो पुढे, लेखी आणि मैदानी पार करून गेल्यावर, कागदपत्रं तपासताना. तिथे राज्याचा नॉन-क्रिमीलेयर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो. आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला, म्हणजे 14 ऑक्टोबरला, उमेदवार नॉन-क्रिमीलेयर असला पाहिजे आणि दाखलाही हातात असला पाहिजे, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. शनिवारी दसरा, मग रविवार, सोमवारी शेवटची तारीख. तहसील गाठून नवा दाखला निघणं शक्यच नव्हतं.

मी त्याला म्हटलं, घरातली सगळी फाईल घेऊन ये. तसंही यावं लागणारच होतं. फोटो जागेवरच कॅमेऱ्यातून काढायचा होता, दुसऱ्याने परस्पर फॉर्म भरायची सोय नव्हती. संध्याकाळी तो गाडीवर आला. फाईलमध्ये दोन नॉन-क्रिमीलेयर निघाले. एक राज्याचा. दुसरा जुलैमध्ये रेल्वेच्या फॉर्मसाठी सेतूतून काढलेला. त्याला वाटत होतं, ती पहिल्याचीच झेरॉक्स आहे. दुसऱ्यावर इंग्रजी मजकूर होता. जात केंद्राच्या कोणत्या ठरावाने मागास ठरली त्याचा क्रमांक आणि तारीख होती. शेवटी भारत सरकारच्या 8 सप्टेंबर 1993 च्या पत्राचा उल्लेख होता, 36012/22/93 या क्रमांकाचा. केंद्राचा दाखला ओळखायची माझी खूण हीच. हा आकडा दिसला नाही तर वर काहीही छापलेलं असो, मी पुढे जात नाही.

मग फॉर्म भरला. कॅटेगरी ओबीसी. फी 100 रुपये. तो म्हणाला, "आपल्याला माफ नाही का?" नाही, या भरतीत माफी एससी, एसटी, महिला आणि माजी सैनिकांना, ओबीसीला नाही. राज्य आणि जिल्हा रहिवासी दाखल्याप्रमाणे टाकला, कारण जीडीमध्ये बहुतेक जागा राज्यावार वाटलेल्या असतात आणि तो दाखला पुढे मागतात. वडिलांचं नाव आधारवर वेगळं आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर वेगळं होतं. आम्ही दहावीचं धरलं. दलांच्या पसंतीक्रमावर मात्र मी काही सांगितलं नाही. कुठे नोकरी करायची ते त्याने घरी फोन करून ठरवलं, त्यात अर्धा तास गेला, जाऊ दिला.

सबमिट करण्याआधी मी एकेक रकाना मोठ्याने वाचतो आणि उमेदवार समोरच्या कागदावर बोट ठेवून "हो" म्हणतो. आठवणीतून "हो" चालत नाही. दुरुस्तीची खिडकी नंतर उघडते खरी, पण पहिल्या दुरुस्तीला 200 आणि दुसऱ्या वेळी 500 रुपये पडतात, आणि ती बंद झाली की काही बदलत नाही.

निघताना त्याने दोन्ही दाखले वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये घातले. एकावर पेनाने 'राज्य' लिहिलं, दुसऱ्यावर 'केंद्र', आणि केंद्राच्या दाखल्यामागे अर्जाची प्रिंट लावली.