नडगीवरची बोटभर जागा

पावसाळ्यात चार महिने धावणे बंद होते. ऑक्टोबरात बेळगावात, टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर पहिल्याच दिवशी मी सलग तीन किलोमीटर धावलो. दम टिकला, पण हाडे दमाइतक्या लवकर सरावत नाहीत, हे मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही पोटऱ्या भरून आल्या. ते दुखणे दोन्हीकडे सारखे, पसरलेले होते आणि तीन दिवसांत ओसरले, म्हणून मी तसाच धावत राहिलो.

दहाव्या दिवशी मात्र उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या चार बोटे वर, एकाच जागी दाबले की कळ येऊ लागली आणि ती धावताना वाढतच गेली. डॉक्टरांनी सांगितले की सुरुवातीची बारीक चीर एक्स-रेत दिसेलच असे नाही, तेव्हा दाबूनही दुखेनासे होईपर्यंत धावायचे नाही. त्यात पाच आठवडे गेले.

नंतर एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, अशा आठ फेऱ्या दिवसाआड केल्या. दोन आठवड्यांनी धावणे दोन मिनिटे केले. रोज सकाळी चहाआधी ती जागा अंगठ्याने दाबून पाहत असे. एकदा किंचित दुखली, तेव्हा दोन दिवस थांबून पुन्हा एका मिनिटावर आलो.