‘७००० एमएएच’ की ‘लाईट गेली तरी चालू’? मोबाईलचा मथळा असा लिहा

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका मोबाईल दुकानाची हँडबिलं मी लिहून देतो. पावसाळ्याच्या तोंडावर मालकांनी एक फोन पुढ्यात ठेवला. कॅमेरा बेताचा, दिसायला साधा, पण बॅटरी दणकट. मी ओळ लिहिली, ‘७००० एमएएचची दमदार बॅटरी!’ काउंटरशी उभ्या असलेल्या खानापूरकडच्या एका काकांनी ती वाचली आणि म्हणाले, “एमएएच राहू दे की. आमच्या जांबोटीला लाईट गेली म्हणजे किती वेळ चालतंय ते सांगा.”

माझी ओळ फोनविषयी होती, काकांचा प्रश्न त्यांच्या घराविषयी. पहिलीत फोनचा गुण येतो, दुसऱ्यात गिऱ्हाइकाचा फायदा. गुणापासून फायद्यापर्यंत जायला कागदावर फोनचा गुण लिहा आणि स्वतःलाच ‘मग काय?’ असं विचारत राहा. बॅटरी ७००० एमएएच आहे. मग काय? एकदा चार्ज केला की जास्त वेळ चालतो. मग काय? रात्रभर लाईट आली नाही तरी सकाळी फोन चालू असतो. मग काय? पुण्याला असलेल्या पोराचा फोन लागतो. इथं थांबायचं. आणखी एकदा विचारलंत तर ‘निश्चिंत जगा’ हाती येईल, आणि ती ओळ विम्यालाही चालते, गादीलाही. डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं ती शेवटची पायरी मथळ्याला घ्या.

आता तो फायदा खरा आहे का ते मोजा. इथं मी एकदा तोंडघशी पडलोय. दुसऱ्या एका फोनच्या पत्रकात व्हिडिओचे जे तास छापले होते, त्यांना रोजच्या वापराच्या तासांनी भागून मी ‘तीन दिवस चार्जर विसरा’ असं लिहिलं. आठवड्याने कणकुंबीकडचा एक माणूस फोन घेऊन परत आला. त्याच्याकडे तो दीड दिवसच टिकत होता. पत्रकातले तास सहसा ठरावीक उजेडात, एकच काम चालू ठेवून मोजलेले असतात. घाटाकडे रेंज कमी, आणि टॉवर लांब असला की फोनला सिग्नल धरून ठेवायला जास्त ताकद लागते. स्क्रीन बंद असली तरी बॅटरी उतरत राहते.

म्हणून या वेळी नव्या फोनमध्ये सिम घातलं आणि दुकानातला पोरगा तो खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावी घेऊन गेला. कॉल, व्हॉट्सॲप, संध्याकाळी थोडे व्हिडिओ, असा रोजचाच वापर. सोमवारी सकाळी ७ वाजता १०० टक्के होते, रात्री १० वाजता ५६. मंगळवारी सकाळी ७ ला ५१ आणि संध्याकाळी ७ ला १७. म्हणजे ‘दोन दिवस’ लिहिण्यात जोखीम होती, ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ बिनधास्त लिहिता येत होतं. मथळा झाला: ‘आज चार्ज केला की उद्या संध्याकाळपर्यंत चालू. मधे लाईट नसली तरी.’

एमएएच टाकून द्यायचं नाही, ते मथळ्याखाली पुराव्यासारखं येतं: ‘७००० एमएएच बॅटरी. खानापूर तालुक्यात वापरून पाहिलेली. वापर आणि रेंजप्रमाणे वेळ कमी-जास्त होईल.’ ही शेवटची सूचनाही मराठीतच हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दावा ज्या भाषेत, सूचनाही त्याच भाषेत द्यावी लागते. आणि वर ‘दोन दिवस’ म्हणून खाली बारीक अक्षरात ते काढून घेणंही चालत नाही.

सगळीकडे फायदाच वर, असंही नाही. टिळकवाडीतली कॉलेजची पोरं चार फोनचे आकडे ताडून मगच दुकानात येतात. त्यांना ‘उद्यापर्यंत चालतो’ ही गुळमुळीत ओळ वाटते, कारण तसं सगळेच म्हणतात. त्यांच्यासाठी ‘५००० नव्हे, ७००० एमएएच’ आणि शेजारी किंमत. फक्त ‘दीडपट चालतो’ लिहू नका. एक तर ७००० म्हणजे ५००० च्या १.४ पट, आणि स्क्रीन व चिप वेगळी असली की वेळ त्याच प्रमाणात वाढेल असं नसतं.

दोन मथळ्यांत अडलात तर दोन्ही छापा, पण मथळा सोडून बाकी अक्षरही बदलू नका. आम्ही पिवळ्या कागदावर फायद्याची आणि पांढऱ्यावर आकड्याची, अशी प्रत्येकी २०० हँडबिलं एकाच आठवडी बाजारात आलटून पालटून वाटली. ‘कागद घेऊन या, स्क्रीनगार्ड फुकट’ असं दोन्हींवर होतं, म्हणजे काउंटरवर कागद मोजता आले. ९ विरुद्ध ७ असा निकाल आला असता तर पुढच्या बाजारी पुन्हा वाटली असती. पिवळे २१ आले, पांढरे ६. पण पांढरे घेऊन आलेल्यांतल्या चौघांनी आधी विचारलं, “फुल व्हायला किती वेळ लागतो?” मोठी बॅटरी भरायलाही वेळ घेते, आणि ज्या गावात लाईट तासाभरापुरती येते तिथं हाच प्रश्न खरा. त्याचं उत्तर घड्याळ लावून मोजलं आणि पुढच्या छपाईत दोन्ही कागदांवर दुसऱ्या ओळीत घातलं.