जुन्या शटरची भोके आणि नवे हँडल : मुंबईत घर लावणाऱ्यांसाठी

साताऱ्याहून मुंबईत आलेल्या माझ्यासारख्या बहुतेकांचे पहिले घर जुनेच असते आणि त्यातील ओट्याखालची कपाटे आधीच्या मालकाने करून घेतलेली असतात. समुद्राच्या दमट हवेने हँडलांचा मुलामा उडालेला असला, तरी शटर चांगले असेल तर नुसती हँडले बदलून भागते. मात्र नव्या हँडलचे अंतर जुन्या भोकांशी जुळले पाहिजे.

हे अंतर म्हणजे हँडलची लांबी नव्हे, तर दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर. मध्यबिंदू डोळ्यांनी नेमका सापडत नाही, म्हणून जुने हँडल काढून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे. दोन्ही भोके सारख्याच मापाची असल्याने उत्तर तेच येते. टेपचे टोकाचे हूक किंचित हलते, म्हणून स्टीलची पट्टी वापरावी आणि मोजणी १० सेंटिमीटरच्या खुणेपासून सुरू करून ते १० नंतर वजा करावेत.

माझी चूक इथेच झाली. दुकानात मी ‘चार इंची’ हँडले मागितली आणि मला ९६ मिलिमीटरची मिळाली, कारण बोलीत त्यांनाही चार इंचीच म्हणतात. आजची बहुतेक हँडले ६४, ९६, १२८, १६० अशा ३२ च्या पटीत येतात. माझ्या शटरवरचे माप मात्र जवळपास १०२, म्हणजे खरोखरचे चार इंच होते. एक स्क्रू बसला, दुसरा तिरका जाऊ लागला. साडेपाच मिलिमीटर सरकवून नवे भोक पाडायला सुतार तयार होता, पण ५ मिलिमीटरच्या दोन भोकांमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर प्लाय उरला असता आणि तो फुटलाच असता. त्याऐवजी गोल कानशीने दोन्ही भोके आतल्या बाजूला तीन-तीन मिलिमीटर लांबवली आणि आतून रुंद वॉशर लावले. हँडलचा पाय १२ मिलिमीटर रुंद होता म्हणून हे झाकले गेले; पाय बारीक असता तर परत करण्यावाचून इलाज नव्हता.

म्हणून सी. पी. टँकच्या हार्डवेअर बाजारात जाताना जुने हँडल स्क्रूसकट सोबत न्यावे आणि माप मिलिमीटरमध्येच सांगावे. नॉबला एकच भोक लागते, त्यामुळे तो निवडल्यास दुसरे भोक मागच्या पट्टीने झाकावे लागते. शिवाय पिठाच्या हातांनी तो निसटतो, त्यामुळे ओट्याखाली मी हँडलच पसंत करतो, तेही स्टेनलेस स्टीलचे.

स्क्रूची लांबीही तपासावी. सनमायकासह २० मिलिमीटर जाडीच्या शटरला २५ चा स्क्रू पुरतो, पण दुहेरी फळीच्या ड्रॉवरला तो हँडलपर्यंत पोहोचतच नाही. उलट स्क्रू शेवटपर्यंत फिरूनही हँडल डुगडुगत असेल, तर तो लांब पडतो आहे; आतून एखादे वॉशर घालावे.