चेहरा न सांगता स्वतःवर कविता लिहिताय? या चुका टाळा

स्वतःवर कविता लिहायची, पण त्यात डोळे, केस, रंग, उंची यातलं काही आणायचं नाही. फक्त सवयी, लकबी आणि खोडी. हा प्रकार कार्यशाळांमध्ये सारखा दिला जातो आणि बहुतेकांचा पहिला मसुदा एकाच साच्यातला निघतो. तो कसा असतो हे दाखवायला एक मसुदा मुद्दाम रचून देतो:

*मी थोडा विसराळू, थोडा हळवा,*
*मनाने साफ, पण रागीट जरा.*
*माणसांवर पटकन विश्वास ठेवतो*
*आणि म्हणूनच नेहमी फसतो.*
*रात्री उशिरापर्यंत जागतो,*
*पावसात एकटाच चालतो.*
*मी हा असा आहे.*

वाचायला वाईट नाही. फक्त ही कविता कुणाचीही असू शकते. खालचं नाव झाकून ती तुमच्या ओळखीच्या दहा जणांना वाचून दाखवा, निम्मे तरी म्हणतील, "अरे, हे तर माझंच आहे." इतर कवितांना ही दाद चालते. स्वतःच्या चित्राला चालत नाही.

दोष म्हणून कौतुक सांगणं

सगळ्यात जास्त कविता इथे बिघडतात. 'पटकन विश्वास ठेवतो आणि फसतो' ही ओळ वरवर कबुलीजबाबासारखी दिसते, पण तिच्यात कवी निष्पाप आहे आणि दोष जगाचा आहे. 'फार हळवा आहे', 'मला नाही म्हणता येत नाही', 'इतरांसाठी स्वतःला विसरते', 'खोटं बोलणं जमत नाही' ही सगळी त्याच घरातली भावंडं. नोकरीच्या मुलाखतीत 'तुमच्यातला एक दोष सांगा' असं विचारल्यावर लोक 'मी कामात फार परिपूर्णता शोधतो' म्हणतात, तोच हा प्रकार.

खरा दोष ओळखायला एक प्रश्न पुरतो: याचा भुर्दंड कोणाला पडतो? उत्तर 'मलाच' असं आलं तर तो दोष बहुधा कौतुकाचा आहे. उत्तरात दुसरं माणूस आलं, त्याचा वेळ, झोप किंवा विश्वास आला, तर ओळ कामाची. 'विसराळू आहे' याचा भुर्दंड कोणावरच पडत नाही. 'तुझ्या आईच्या ऑपरेशनची तारीख तू मला दोनदा सांगितलीस' ही ओळ तेच सांगते, पण इथे कोणीतरी दुखावलेलं आहे आणि कवीला पळायला जागा नाही.

याच्या उलट टोकालाही लोक जातात आणि स्वतःला झोडपायला लागतात. 'मी भित्रा, मी स्वार्थी, मी कोरडा' असं लिहिलं की वाचकाच्या मनात पहिली प्रतिक्रिया उमटते, 'नाही हो, इतके काही वाईट नसाल.' म्हणजे पुन्हा कौतुकच पदरात पाडून घेतलं, फक्त वळसा घालून. गुन्हा सांगा, शिक्षा सुनावू नका.

सवयीच्या जागी तिचं नाव लिहिणं

विसराळू, हळवा, रागीट हे निकाल आहेत. वाचकाला निकाल नको असतो, त्याला प्रसंग बघून स्वतः निकाल द्यायचा असतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी स्वतःबद्दल लिहिताना हात विशेषणांकडेच जातो, कारण आपल्या सवयी आपल्याला दिसतच नाहीत. कुलूप लावल्यावर आपण ते ओढून बघतो हे आपल्याला माहीत नसतं, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला माहीत असतं.

म्हणून कविता सुरू करण्याआधी त्या माणसाला विचारा. मात्र 'मी कसा आहे?' असं विचारू नका, उत्तरात पुन्हा विशेषणंच येतील. 'मी काय करतो तेव्हा तुला वैताग येतो?' असं विचारा. या प्रश्नाला क्रियापदानेच उत्तर द्यावं लागतं. 'भांडण झालं की तू काही बोलत नाहीस, उठून भांडी घासायला लागतोस.' हे वाक्य मिळालं की अर्धी कविता हातात आली समजा. ऐकताना स्पष्टीकरण द्यावंसं वाटेल. देऊ नका, तिथेच शब्दशः लिहून घ्या.

लकबींचं थोडं वेगळं आहे. लकबीत शरीर येतंच, त्यामुळे रूपाचं वर्णन मागच्या दाराने आत शिरतं. 'माझी लांबसडक बोटं टेबलावर नाचतात' यात बोटं दिसली, माणूस दिसला नाही. 'लांबसडक' काढा, 'नाचतात' काढा आणि कधी ते लिहा: 'कुणी पैशांचा विषय काढला की बोटं टेबलाची कड चाचपतात.' लकब कशामुळे सुरू होते हे आलं की ती बोलायला लागते. ते नसेल तर ती नुसती हालचाल राहते.

आणि पावसात एकटं चालणं, रात्री जागणं, खिडकीशी बसणं? या सवयी कवितेत शोभतात म्हणून आलेल्या असतात, आयुष्यातून आलेल्या नसतात. ज्या सवयीचा फोटो काढून लावावासा वाटतो, ती आधी खोडा.

प्रत्येक ओळीच्या शेवटी 'तो' किंवा 'ते'

ही अडचण खास आपल्या भाषेची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि सवय सांगायची तर साधा वर्तमानकाळ लागतो. परिणाम: ठेवतो, फसतो, जागतो, चालतो. न मागता यमक जुळतं, मुक्तछंद म्हणून लिहिलेली कविता बडबडगीतासारखी उड्या मारायला लागते आणि गंभीर ओळीवर वाचकाला हसू येतं. कवीला हे कागदावर कळत नाही, मोठ्याने वाचलं की लगेच कळतं.

यावर उपाय आहेत, पण ते सगळे एकदम वापरू नयेत. एखाद्या ठिकाणी क्रियापद गाळता येतं: 'तू झोपेपर्यंत नळ चालू.' कुठे क्रियापदाचं नाम करता येतं: 'हसण्याआधी बाकीचे हसलेत का ते बघणं.' कुठे सवयीऐवजी एकच घडलेला प्रसंग भूतकाळात सांगता येतो, वाचक त्यावरून सवय ओळखतो. 'मी'चंही तसंच. 'ओढतो' हे रूप 'मी'लाही चालतं आणि 'तो'लाही, त्यामुळे 'मी' गाळला की ओळ क्षणभर दुसऱ्या कुणाबद्दल असल्यासारखी वाटते. स्वतःकडे जरा लांबून बघायचं तर हा फायदाच. संपूर्ण कवितेत 'मी' दोन-तीनदाच यावा आणि तोही जिथे टाळता येणार नाही तिथे.

आता तोच माणूस पुन्हा

वरचा मसुदा बाजूला ठेवून, मिळालेल्या सवयींवरून ही दुसरी आवृत्ती:

*कुलूप लावून तीनदा ओढतो.*
*चौथ्यांदा, कुणी बघत नसेल तर.*

*तू बोलत असताना*
*माझे ओठ हलतात.*
*तुझं वाक्य तुझ्याआधी संपवून*
*मी पुढे उभा.*

*विनोद झाला की आधी*
*बाकीचे हसलेत का ते बघणं.*

*भांडण झालं की भांडी घासतो.*
*तू झोपेपर्यंत नळ चालू.*
*सकाळी ओटा चकचकीत*
*आणि माफीचा तो एक शब्द*
*अजून माझ्याच घशात.*

'रागीट', 'हळवा', 'विसराळू' यातलं एकही विशेषण नाही, तरी माणूस ओळखू येतो: धास्तावलेला, उतावळा, माफी मागायला भिणारा. 'चौथ्यांदा, कुणी बघत नसेल तर' या ओळीत सवयीपेक्षा जास्त काही आहे, कारण तिथे त्याला स्वतःची सवय माहीत आहे आणि तिची लाजही आहे. प्रत्येक सवयीला अशी दुसरी ओळ मिळतेच असं नाही. विनोदाचं कडवं इथे सगळ्यात कच्चं आहे. ते खरं आहे, पण पुष्कळांचं आहे आणि त्यात 'तू' नाही, त्यामुळे ते आजूबाजूच्या कडव्यांपासून सुटं पडतं. मी ते काढेन.

ते काढलं की क्रमही स्पष्ट होतो. कुलूप निर्जीव, त्याचा त्रास कुणाला नाही. मग तोडलेलं वाक्य, त्याचा थोडा त्रास. मग भांडण. सवयी सुचल्या त्या क्रमाने ठेवल्या की यादी होते, भुर्दंड वाढत जाईल अशा ठेवल्या की वाचक पुढे ओढला जातो. हेच उलट करून पाहिलं, भांडण आधी आणि कुलूप शेवटी, तर कुलुपाचा अर्थ बदलतो: घरात इतकं काही उसवलेलं असताना हा माणूस दार तपासतोय. दोन्ही क्रम चालतील. कोणता हवा ते ठरवून घ्या, आपोआप पडू देऊ नका.

शेवटी स्वतःचा अर्थ सांगणं

पहिल्या मसुद्याचा शेवट 'मी हा असा आहे' होता. तो उघडच फुकट गेलेला. दुसऱ्या आवृत्तीत ती चूक जरा सभ्य कपड्यांत पुन्हा आली आहे. 'माफीचा तो एक शब्द अजून माझ्याच घशात' ही ओळ ऐकायला बरी वाटते, पण भांडी का घासली जातात हे ती समजावून सांगते, आणि ते तर वाचकाला नळ चालू असतानाच कळलेलं असतं. स्पष्टीकरण ओळखायची खूण अशी: ओळ झाकली तर काही माहिती कमी होते का? इथे होत नाही. म्हणून:

*सकाळी ओटा चकचकीत.*
*तुझा कप तेवढा राहिलेला.*

आता शेवटही सवयच आहे, आणि दोषही. कप चुकून राहिला की मुद्दाम, हे कविता सांगत नाही. कवीला स्वतःलाही ते माहीत नसेल तर उत्तम.

एक व्यवहाराची गोष्ट उरते. तुमच्या सवयींमध्ये दुसरं माणूस आलं की त्याच्याही गोष्टी कवितेत येतात. वरच्या कवितेत 'तू' बोलते, झोपते, तिचा कप आहे, एवढंच. भांडण कशावरून झालं, ती काय म्हणाली, हे काही नाही. ऑपरेशनची तारीख विसरण्याची ओळ मात्र तिच्या आईचं आजारपण चारचौघांत आणते. अशी ओळ ठेवायची असेल तर कविता बाहेर देण्याआधी त्या माणसाला वाचायला द्या. नको म्हणाली तर आजारपण काढून दुसरी एखादी विसरलेली तारीख घाला, विसरणं तुमचं आहे आणि ते तसंच राहील.