छताला टीव्ही टांगायचं काम नवीन शिकणाऱ्यांसाठी: वजनाला घाबरू नका, धक्क्याला घाबरा

या कामात नवीन आलेली पोरं पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात, "हा बोल्ट टीव्हीचं वजन घेईल ना?" घेईल, आरामात घेईल, पण तो प्रश्नच चुकीचा आहे. भिंतीवरचा टीव्ही आणि छतातून पाईपवर लोंबणारा टीव्ही यांचा हिशोब वेगळा असतो, आणि जिममध्ये तर फारच वेगळा.

एक जिमचंच काम घेऊ. स्लॅब जमिनीपासून 3.6 मीटरवर, खाली 3 मीटरवर फॉल्स सीलिंग, टीव्ही 55 इंची, वजन साधारण 17 किलो, पाईप, स्लॅबला बोल्टने लागणारी प्लेट आणि टीव्हीमागचं ब्रॅकेट मिळून अजून 8 धरा. टीव्हीची खालची कड 2.2 मीटरवर ठेवायची म्हणजे खालून चालणाऱ्याचं डोकं आपटणार नाही. या साईझच्या टीव्हीची उंची 70 सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे मधला बिंदू आला 2.55 वर आणि स्लॅबपासून तिथपर्यंत 1.05 मीटर. पाईप कापायच्या आधी टीव्हीच्या मागची भोकं मोजून घ्या हां, बऱ्याच मॉडेलमध्ये ती बरोब्बर मध्यावर नसतात आणि मग सगळी उंची सरकते.

आता हिशोब. एकूण 25 किलो चार बोल्टवर, म्हणजे एकेका बोल्टवर सहा-सात किलो, काहीच नाही. पण कुणीतरी टीव्ही फिरवायला म्हणून 20 किलोच्या जोराने बाजूला ढकलला, तर 1.05 मीटरचा पाईप पहारीसारखा काम करतो. प्लेटवरच्या बोल्टमधलं अंतर 15 सेंटीमीटर असेल तर 20 गुणिले 1.05 भागिले 0.15, म्हणजे 140 किलोची ओढ, आणि ती एका बाजूच्या दोन बोल्टवर, प्रत्येकी 70. एका धक्क्यात सहाचे सत्तर झाले. म्हणून लांब पाईप असेल तर मोठी प्लेट घ्या, बोल्टमधलं अंतर जितकं जास्त तितकी ओढ कमी.

फॉल्स सीलिंगला कधीही काही अडकवायचं नाही, पत्रा आणि जिप्सम स्वतःचंच वजन कसंबसं पेलतात. पाईप त्यातून आरपार जातो आणि प्लेट थेट स्लॅबलाच लागते. ड्रिल मारण्याआधी वर वायरिंग, डक्ट, स्प्रिंकलरचा पाईप कुठून गेलाय ते एक टाईल काढून बघा. आणि स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड असेल, म्हणजे आत ताणलेल्या केबल असतील, तर ड्रॉइंग बघून इंजिनिअरने हो म्हटल्याशिवाय एक भोकही नाही.

अँकर म्हणजे स्लॅबच्या भोकात पकड घेणारा हाच बोल्ट; त्याची खोली मोजताना प्लास्टर धरू नका, ते पकड देत नाही. प्लास्टर एक सेंटीमीटर असेल तर भोक तेवढं जास्त खोल पाडा. भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकणीने नीट काढा, हे बोरिंग काम आहे म्हणून सगळे टाळतात आणि मग अँकर घसरतो. सळई लागली की जोर लावू नका, जागा बदला. स्लॅबची खालची बाजू वाकताना ताणली जाते आणि तिथे बारीक तडे असू शकतात, म्हणून तडे गेलेल्या काँक्रीटसाठी रेटिंग असलेलाच अँकर घ्या, पाकिटावर लिहिलेलं असतं. आता नट आवळताना हाताकडे लक्ष द्या: चांगला अँकर दोन-चार वेढ्यांत कडक होत जातो, वाईट अँकरचा नट नुसता फिरत राहतो आणि बोल्ट हळूच खाली येतो. असं झालं तर ते भोक सोडून द्या, शेजारीच नाही, चांगलं लांब दुसरं पाडा.

एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. काही पाईप प्लेटमध्ये आट्यांनी फिरवून बसतात, आणि टीव्ही डावीकडे-उजवीकडे फिरवता फिरवता पाईप स्वतःच आट्यांतून सुटायला लागतो. म्हणून सांध्यावर आडवा लॉक स्क्रू पाहिजेच. शिवाय टीव्हीच्या ब्रॅकेटपासून स्लॅबपर्यंत स्टीलची सेफ्टी वायर वेगळ्या अँकरला लावा, त्याच प्लेटला नाही, नाहीतर प्लेट निघाली की वायरही सोबत येते.

तिरकसपणाचं गणित सोपं आहे. ट्रेडमिलवर उभ्या माणसाचे डोळे साधारण 1.8 मीटरवर, टीव्हीचा मध्य 2.55, अंतर 3 मीटर, तर कोन 14 अंशांच्या जवळ येतो, तेवढा टीव्ही खाली झुकवा. झुकवल्यावर छतावरच्या लाईटची चमकही कमी होते. हॉस्पिटलच्या वॉर्डात मात्र पेशंट आडवा असतो, तिथे हा हिशोब उशीच्या उंचीवरून करायचा, आणि सलाईनचा स्टँड, पडद्याची रूळ, बेड वर केल्यावर पेशंटचं डोकं, हे सगळं टीव्हीखालून मोकळं जातंय का ते बघायचं.

केबल पाईपमधून आधीच ओढून घ्या, प्लेट वर चढल्यावर ते काम दहापट त्रासाचं होतं. टीव्ही चढवायला दोन जण आणि दोन शिड्या, एकट्याने नाही. चढवल्यावर ओळंबा सोडून पाईप सरळ आहे का बघा, मग टीव्हीची कड धरून हलक्या हाताने हलवा. प्लेट आणि स्लॅबमध्ये केसाएवढी फट उघडताना दिसली तर टीव्ही खाली उतरवा आणि अँकर पुन्हा तपासा. ट्रेडमिलच्या कंपनाने नट ढिले होतात, म्हणून लॉक नट लावा आणि जिमवाल्याला महिन्याभराने परत येऊन आवळून जाईन असं आधीच सांगून ठेवा.