बार चार्टचा अक्ष मधूनच सुरू होतो? स्क्रीनशॉट तपासताना या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्लासेसचे चार्ट फिरू लागतात. असाच एक चार्ट आला आहे असं धरून चालू. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. तीन क्लासचे तीन बार आहेत, डोक्यावर उत्तीर्णांचं प्रमाण लिहिलंय: ९४.२, ९२.५ आणि ९१.७ टक्के. पहिला बार तिसऱ्याच्या अडीचपट उंच दिसतो. डावीकडचा उभा अक्ष चित्रात नाहीच. खाली लगेच कोणीतरी विचारतं, "काहून बाप्पा, एवढा फरक?" आणि त्याखाली दुसरा लिहितो, "फेक आहे भाऊ, अक्ष शून्यापासून नाही." दोघांनीही घाई केली आहे.

चूक पहिली: अक्ष दिसत नाही म्हणून तपासणी सोडून देणं

अक्ष कापला गेला असला तरी तो कुठून सुरू होत होता हे काढता येतं. फक्त दोन बारवर आकडे लिहिलेले हवेत. स्क्रीनशॉट कॉम्प्युटरवर पेंटमध्ये उघडा, बारभोवती सिलेक्शनचा चौकोन ओढा, खालच्या पट्टीत त्याची उंची पिक्सेलमध्ये दिसते. कॉम्प्युटर नसेल तर मोबाइलच्या स्क्रीनवर साधी पट्टी ठेवून मिलिमीटरमध्ये मोजलं तरी भागतं.

आपल्या चार्टमध्ये सगळ्यात उंच बार २१० पिक्सेल आणि सगळ्यात बुटका ८५ पिक्सेल भरला असं समजा. उंचीतला फरक १२५ पिक्सेल आणि आकड्यांतला फरक २.५, म्हणजे एका टक्क्याला ५० पिक्सेल. मग २१० पिक्सेल म्हणजे ४.२ टक्के. ९४.२ मधून ४.२ वजा केले की उरतात ९०.

```
(210 - 85) / (94.2 - 91.7) = 50
94.2 - 210 / 50 = 90
```

बार ९० पासून काढले आहेत हे आता ठरलं. पण मधला बार मोजल्याशिवाय थांबू नका. हिशोब बरोबर असेल तर ९२.५ चा बार १२५ पिक्सेल भरायला हवा. दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे झाले तर ते सोडून द्या, कारण फॉरवर्ड होत होत चित्राच्या कडा पुसट होतात. मात्र तो बार १६० भरला, तर अक्षाचा विषय बाजूला राहिला. कोणीतरी बार हातानेच ओढून बसवले आहेत.

चूक दुसरी: चित्र ताणलंय म्हणून फरक वाढला असं समजणं

स्क्रीनशॉट उभा ताणला की सगळे बार सारख्याच पटीने वाढतात. २१० चे ४२० होतील आणि ८५ चे १७०. अडीचपट ते अडीचपटच. त्यामुळे चार्ट लांबुळका दिसतो एवढ्यावरून कोणाला धारेवर धरू नका. खालचा भाग कापणं मात्र वेगळं. त्यात प्रत्येक बारची सारखीच उंची जाते, आणि बुटक्या बारला ते जास्त लागतं. म्हणून बारच्या पायथ्याशी बघा. क्लासची नावं आणि आडवी रेघ जागेवर असतील तर खालून कात्री लागलेली नाही, चार्ट मुळातच तसा काढला आहे. नावंच गायब असतील तर वर काढलेला ९० हा आकडा कात्री कुठे चालली एवढंच सांगतो. ती बनवणाऱ्याने चालवली की फॉरवर्ड करणाऱ्याने, हे चित्रावरून कळत नाही.

त्रिमितीय, तिरके बार असतील तर मोजायच्या फंदात पडू नका. तिथे उंची कुठून कुठे धरायची हेच पक्कं नसतं.

चूक तिसरी: अक्ष ९० पासून आहे म्हणजे लबाडीच, हे गृहीत धरणं

एक्सेलमध्ये आकडे टाकून बार चार्ट काढला आणि अक्षाला हात लावला नाही, तर सुरुवात कुठून करायची हे एक्सेल स्वतः ठरवतं. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यांतला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक षष्ठांशापेक्षा कमी असला, की ते शून्य सोडून वरून सुरुवात करतं. ९४.२ चा सहावा हिस्सा १५.७, आणि इथला फरक २.५. म्हणजे क्लासच्या ऑफिसातल्या माणसाने काहीही न करता असा चार्ट तयार होऊ शकतो. बदलायचं असेल तर अक्षावर राइट-क्लिक, `Format Axis`, आणि `Minimum` मध्ये 0.

हेतू काहीही असो, चित्र फुगवलेलं आहे हे खरंच, आणि किती फुगवलंय तेही मोजता येतं. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ मध्ये यासाठी 'लाय फॅक्टर' हे माप मांडलं: चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यांतली वाढ. चित्रात ८५ वरून २१०, म्हणजे १४७ टक्के वाढ. आकड्यांत ९१.७ वरून ९४.२, म्हणजे २.७ टक्के. भागाकार ५४ च्या आसपास येतो. प्रामाणिक चार्टमध्ये तो १ च्या जवळ असतो.

चूक चौथी: शून्यापासून काढलं की फरकच उरत नाही, असं म्हणून मोकळं होणं

ही चूक शहाणी माणसं करतात, म्हणून तिच्यावर जरा थांबू. अक्ष शून्यावर आणला की तिन्ही बार जवळजवळ सारखे दिसतात, आणि ग्रुपवर निकाल लागतो: "काहीच फरक नाही." पण पालकाला चिंता नापास होण्याची असते. प्रत्येक क्लासमध्ये १२० मुलं होती असं धरा. ९४.२ टक्के म्हणजे ११३ पास, ७ नापास. ९१.७ टक्के म्हणजे ११० पास, १० नापास. नापासांचा चार्ट शून्यापासून काढला तर बार ७ आणि १० चे येतील, आणि दुसरा पहिल्याच्या जवळजवळ दीडपट दिसेल. तोही चार्ट खरा आहे, फक्त प्रश्न वेगळा आहे.

म्हणजे क्लासला जास्तीत जास्त झुकतं माप दिलं तरी फरक दीडपटीच्या आतच राहतो. स्क्रीनशॉट दाखवतो अडीचपट. 'फुगवलंय' हे या तुलनेवरून ठामपणे म्हणता येतं; अक्ष शून्यावर नाही एवढ्यावरून नाही.

आता हा फरक क्लासच्या शिकवण्यामुळे आहे का? एवढ्या छोट्या आकड्यांत नापासांची संख्या नुसत्या योगायोगानेही दोन-तीनने खालीवर होते. दोन क्लासमधल्या फरकात हे हेलकावे एकत्र होऊन चारपर्यंत सहज जातात. इथे फरक तीन मुलांचा आहे. त्यावरून फी भरायचं ठरवू नये, असं माझं मत. प्रत्येक क्लासमध्ये १,२०० मुलं असती आणि नापास ७० आणि १०० असते, तर मी तो चार्ट गांभीर्याने घेतला असता. टक्के तेच, बारही तेच. म्हणून चार्टखाली मुलांची संख्या लिहिलेली नसेल तर ती विचारून घ्या.

चूक पाचवी: शून्याचा नियम सगळीकडे लावणं

बारमध्ये डोळा लांबी मोजतो, म्हणून तिथे शून्य लागतं. रेषेच्या आलेखात किंवा नुसत्या ठिपक्यांत डोळा चढउतार बघतो, तिथे अक्ष ९० पासून असला तरी चालतं. मे महिन्यातलं नागपूरचं तापमान घ्या. ४५ अंशाचा बार ३० अंशाच्या बारच्या दीडपट काढला, अगदी शून्यापासून, तरी उष्णता दीडपट झाली असं होत नाही, कारण सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू. तिथे उष्णता संपत नाही. तापमानाला बार न वापरलेलाच बरा.